जिमचे पैसे भरतानाचे अनुभव, आणि तेव्हा विचारायचे राहून गेलेले प्रश्न

मीनाक्षी_डोंबिवली

काल भाची ऑफिसातून येताना एका जिममध्ये डोकावून आली आणि चपला काढता काढता म्हणाली, मावशी ९० दिवसांत १२ किलो, गॅरंटी देतायत, पण ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे. हातात मशीनवर उभं करून काढलेला तो कागद, त्यात चरबीच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलेला. तो गोल बघून पोटात गोळा आला माझ्या, कारण तस्साच कागद माझ्या कपाटात अजून आहे.

२०२२ चा जून. डिसेंबरात धाकट्या दिरांचं लग्न होतं आणि माझं वजन ७८. आत गेल्यावर आधी मशीनवर उभं केलं, मग एका केबिनमध्ये बसवलं, तिथे मॅनेजर कागद माझ्यासमोर सरकवून म्हणाला, मॅडम तुमचं वय ३८ पण बॉडी एज ५१ आलंय. मला रडूच आलं हो. त्यानंतर तो जे बोलला ते सगळं मी हो हो करत ऐकलं. वर्षाचे २१,००० आणि पर्सनल ट्रेनिंगची ३६ सेशन २७,००० ला, म्हणजे ४८,०००. एवढे नाहीत म्हटल्यावर म्हणाला, महिन्याला फक्त ४,०००, नो कॉस्ट, आधार आणि पॅन द्या, एक ओटीपी येईल तो सांगा. सांगितला. घरी येऊन मेसेज नीट वाचला तेव्हा कळलं की हा जिमचा हप्ता नाहीच, एका फायनान्स कंपनीचं कर्ज आहे माझ्या नावावर.

सात हप्ते गेले आणि जानेवारीत एका सकाळी शटर खाली, वर नुसता चिकटवलेला कागद, नूतनीकरणासाठी बंद. ते परत उघडलंच नाही. उरलेले पाच हप्ते, २०,००० रुपये, मी बंद शटरसाठी भरले.

भाचीला मी आजच्या दिवस थांबवलंय. तुमचे अनुभव सांगा, आणि पैसे भरण्याआधी नक्की काय काय विचारायचं तेही सांगा. तिला दाखवायचंय.

कऱ्हाडची_सून

अगं बाई! सेम टू सेम, फक्त माझे १४,००० होते आणि रोख दिलेले, पावतीसुद्धा मागितली नाही. भाजी फोडणीला टाकलीये, नंतर लिहिते सविस्तर.

पाटील_बापू

सोप्पं आहे, जिम बंद झाली की हप्ता बंद करायचा. सेवाच मिळत नाही तर पैसे कसले? बँकेत जाऊन ऑटो डेबिट थांबवायचं, कोणी काही करू शकत नाही.

शाखा_क्र_४

बापू, तुमचा राग बरोबर आहे पण असं कोणी करू नका, मी कर्जाच्याच खात्यात काम करते. फायनान्स कंपनीने सगळे पैसे पहिल्याच आठवड्यात जिमला देऊन टाकलेले असतात, करार तुमच्यात आणि कंपनीत असतो. हप्ता चुकवला की बाउन्सचा दंड लागतो आणि सिबिल पडतो, मग दोन वर्षांनी घराचं कर्ज मागायला येता तेव्हा हेच ४,००० आडवे येतात.

शटर खाली दिसल्या दिसल्या जिम आणि फायनान्स कंपनी दोघांना ईमेल करा, शटरचा फोटो तारखेसकट जोडा, आणि सेवा बंद झाल्यामुळे कर्ज रद्द करा किंवा उरलेली रक्कम जिमकडून वसूल करा असं स्पष्ट लिहा. काही कंपन्या ऐकतात, काही नाही ऐकत, खोटं कशाला सांगू. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. जिमविरुद्ध १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे. त्याने नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

आणि सही आधीची गोष्ट. असं कर्ज देताना मुख्य माहितीपत्रक देणं बंधनकारक आहे, त्यात कर्ज कोणाचं, एकूण किती, आणि मन बदललं तर किती दिवसांत दंडाशिवाय परत फिरता येईल हे लिहिलेलं असतं. ते पत्रक फोनवर आल्याशिवाय ओटीपी सांगू नये. मीनाक्षीताई, तुम्हाला ते मिळालं होतं का?

मीनाक्षी_डोंबिवली

काहीच मिळालं नव्हतं. मिळालं असतं तरी त्या दिवशी वाचलं असतं का माहीत नाही, डोक्यात ५१ च फिरत होतं.

रंकाळ्याकाठचा

आमच्या कोल्हापुरात तालमीत गेलो की वस्ताद आधी आखाड्याची माती खोरायला लावायचे. पंधरा दिवस तेच. मग जोर, बैठका. किती दिवसांत काय होणार असं विचारायची कुणाची टाप नव्हती, आणि वर्गणी इतकी थोडी की कुणी बुडवायचा प्रश्न नाही. आता पोरगा पुण्यात आहे, तो वर्षाला जेवढे देतो तेवढ्यात आमची अख्खी पेठ दूध प्यायली असती.

कऱ्हाडची_सून

दूध म्हणजे बदाम घोटलेली थंडाई ना? माझे सासरे अजून करतात, पाककृती टाकू का?

रंकाळ्याकाठचा

टाका की वहिनी! खसखस किती घालतात तेवढं नक्की लिहा.

लोखंडवाला_नव्हे

मी चार वर्षं जिममध्ये होतो, आधी फ्लोअर ट्रेनर मग सेल्सला बसवलं. आता सोडलंय म्हणून लिहितो, आणि मनापासून लिहितो कारण त्या केबिनमध्ये रडलेल्या बायका मी समोर बघितल्यात.

बॉडी एज हा आकडा डॉक्टरचा नाही. मशीन पायातून हातातून अगदी बारीक करंट सोडतं, त्याला किती अडथळा होतो ते मोजतं, आणि त्यावरून शरीरात पाणी किती आणि चरबी किती याचा अंदाज बांधतं. पाणी कमी प्यायलात, नुकतेच जेवून आलात, व्यायाम करून घामाघूम झालात, की आकडा हलतो. आमच्याकडे पहिला स्कॅन संध्याकाळी, ऑफिसातून थकून आलेल्या माणसाचा व्हायचा आणि महिन्याचा स्कॅन सकाळी रिकाम्या पोटी बोलावून. तेवढ्यानेच कागदावर फरक दिसायचा. भाचीला तुलना करायचीच असेल तर दोन्ही वेळा सकाळी, उपाशीपोटी, तेच मशीन. नाहीतर शिवणाची टेप घेऊन कंबर मोजावी, ती जास्त खरं बोलते.

आता ९० दिवसांत १२ किलोचा हिशोब करू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. बाराने गुणलं तर ९२,४००, नव्वद दिवसांनी भागलं तर रोज हजाराच्या वर तूट. तासभर वजनं उचलून साधारण दोनशे-तीनशे जातात, उरलेले सात-आठशे ताटातून काढायचे, तेही एकही दिवस न चुकता. ऑफिस करणारी मुलगी दिवसाला १,८०० खात असेल तर उरलं किती? हजारच्या आसपास. पहिल्या पंधरा दिवसांत दोन-तीन किलो झटकन जातात ते खरं, पण त्यात बरंचसं पाणी असतं, भात-पोळी कमी केली की ते निघून जातं. सेल्सवाला ते पंधरा दिवस दाखवून पुढचं पॅकेज विकतो. बाकी माझ्या बघण्यात महिन्याला दोन-अडीच किलो म्हणजे चांगलं चाललंय.

आजच भरा हे महिनाअखेरच्या टार्गेटमुळे असतं. तोच दर पुढच्या महिन्यात परत मिळायचा, कधी कमी पण.

वर्षा_ठाणे

बापरे संध्याकाळ-सकाळचं माहीतच नव्हतं, मी तर दुसऱ्या स्कॅननंतर पेढे वाटले होते!!

निवृत्त_मास्तर

घरासाठी ट्रेडमिल घ्यायची आहे, गुडघा दुखतो. दोन हॉर्सपॉवर पुरेल का? हॉलमध्ये मावेल अशी हवी, घडीची.

वर्षा_ठाणे

काका हा विषय वेगळा आहे 🙂 पण गुडघा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा ना. माझ्या आईची ट्रेडमिल आता टॉवेल वाळत घालायला आहे.

साखरेचा_हिशोब

मला कोणीच सांगितलं नव्हतं म्हणून इथे सांगतो. मला मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी घेतो. जिममध्ये वजन, उंची, कंबर, बजेट सगळं विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत हे कोणी विचारलं नाही. आहारतज्ज्ञ म्हणून जो मुलगा होता त्याने सकाळचा नाश्ता बंद करून काळी कॉफी सांगितली. पाचव्या दिवशी लेग प्रेस करताना हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम, समोरचं अंधुक. शेजारच्या माणसाने बॅगेतली चिक्की तोंडात कोंबली. ग्लुकोमीटरवर ५४ होती. ही गोळी घेऊन उपाशी राहायचंच नाही, हे नंतर माझ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मलाही चांगलंच झापलं. तर विचारा की पैसे घेण्याआधी आजार आणि औषधांचा फॉर्म भरून घेता का, आणि आहार लिहून देणाऱ्याचं शिक्षण काय. फॉर्मच नसेल तर मी तरी तिथे जाणार नाही.

लोखंडवाला_नव्हे

दादा वाचलात. हा फॉर्म आमच्याकडे होता, पण पैसे भरल्यावर द्यायचे, आणि आम्हीच सगळीकडे "नाही" टिक करायचो. लाज वाटते आता.

पाटील_बापू

शाखा ताई, ऑटो डेबिटचं मी भाच्याला सांगितलं होतं तसंच, आत्ताच फोन करून थांबवलं त्याला. धन्यवाद. पण मला एक सांगा, नो रिफंड छापलेलं असतं पावतीवर, मग आयोगात काय उपयोग?

शाखा_क्र_४

छापलं म्हणून तो कायदा होत नाही. सेवाच दिली नाही आणि पैसे अडकवले तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. पण तुमचा उत्साह संपला म्हणून परत मागायचे असतील तर केस खूप कमकुवत, तिथे पावतीवर जे लिहिलंय त्याच्याशीच भांडावं लागतं. म्हणून आधी लिहून घ्या, बदली झाली, आजारी पडलो, गरोदर राहिले, तर उरलेल्या महिन्यांचं काय.

कोथरूड_ते_हिंजवडी

पीटीबद्दल, म्हणजे पर्सनल ट्रेनिंगबद्दल, कोणी बोललं नाही. माझ्या ३६ सेशनना ९० दिवसांची मुदत होती आणि ती बारीक अक्षरात. ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज आला, तीन आठवडे नाईट शिफ्ट, १५ सेशन बुडाली. सेशनला ७५० पडत होते, म्हणजे ११,२५० गेले. शिवाय ज्या ट्रेनरला बघून पैसे भरले तो दुसऱ्या महिन्यात सोडून गेला आणि नवीन मुलगा फोनवर. मुदत किती, ट्रेनर बदलला तर काय, हे विचाराच. आणि ट्रायल स्वतःच्या वेळेला घ्या. मी दुपारी तीनला बघितली होती, रिकामी. रोज संध्याकाळी सातला स्क्वॉट रॅकला चार जण रांगेत.

अजून एक, जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमवर ५ टक्के आहे, आधी १८ होता. मला परवा एकाने १८ लावून कोटेशन दिलं. जीएसटी नंबर मागितला तर म्हणे सिस्टिम अपडेट नाही.

मीनाक्षी_डोंबिवली

भाचीच्या कागदावर पण १८ च आहे!! आत्ता बघितलं. २४,००० वर ४,३२०. पाच टक्क्यांनी १,२०० व्हायला हवा.

संध्याकाळी ती आणि मी दोघी गेलो होतो, सातला. गर्दी होती पण जागा बरी आहे, बाई ट्रेनर आहे, भाचीला आवडली. मी मॅनेजरला म्हटलं, १२ किलोची गॅरंटी म्हणालात ना, नाही झालं तर काय देणार ते या कागदावर लिहा आणि शिक्का मारा. तो म्हणाला मॅडम ते क्लायंटच्या डाएटवर असतं. बंद पडलं तर पैसे परत हेही लिहायला तयार नाही, वरून परवानगी लागते म्हणे. महिन्याचे पैसे घ्याल का विचारलं तर २,८०० सांगितले, वर्षाच्या हिशोबाने दोन हजार पडतात. भाची म्हणते आठशे जास्त गेले तर गेले, तीन महिने महिन्याचेच भरते. ताईला, म्हणजे तिच्या आईला, ते अजून पटत नाहीये.

वर्षा_ठाणे

भाची शहाणी आहे 👍

कऱ्हाडची_सून

खसखस एका माणसाला एक चमचा, रात्री भिजवून. बदाम आठ. बाकीचं उद्या, मुलांचे डबे आहेत.