मदत हवी आहे: सलॉनच्या गिफ्ट व्हाउचरचा काउंटरवरचा गैरवापर कसा रोखायचा?

कर्वेनगरची_ताई: कर्वेनगरला माझं लेडीज सलॉन आहे. गेल्या दिवाळीत २,००० रुपयांची छापील व्हाउचर विकली. परवा एक बाई व्हाउचर घेऊन आल्या, तर वहीत तो ४७ नंबर आधीच 'वापरला' म्हणून लिहिलेला. कागद मात्र त्यांच्या हातात, घडीसुद्धा न मोडलेला. त्यांना सेवा दिली. आता नवीन छपाईआधी काय बदलू? मुदत किती ठेवू? काउंटरवरच्या मुलीवर उगाच आळ घ्यायचा नाहीये.

डेक्कनवाला: क्यूआर कोड छापा. एकदा स्कॅन झाला की परत चालत नाही. विषय संपला.

हिशेबनीस: क्यूआरने झेरॉक्स किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो दाखवणारं गिऱ्हाईक थांबेल. इथे कागद आलाच नाही आणि नंबर खर्ची पडला. ताई, आधी त्या नंबरचं बिल काढा. ७४ च्या जागी ४७ लिहिलं गेलं असेल, तर ७४ चं व्हाउचर जमा असूनही वहीत बाकी दिसेल.

तसं नसेल, तर नेहमीचा प्रकार असा: गिऱ्हाईक २,००० रोख देतं, बिलात मात्र 'व्हाउचर' टाकून न आलेला एखादा नंबर लिहितात. रोख खिशात जाते आणि संध्याकाळी गल्ला तरीही जुळतो. विकलेल्या नंबरांची यादी काउंटरवरच असते ना, भोक तिथेच आहे.

म्हणून वर सीरियल नंबर आणि स्क्रॅचखाली सलग नसलेला वेगळा कोड छापा. कोडची यादी फक्त तुमच्याकडे. आलेलं व्हाउचर बिलाला स्टेपल करायचं, आणि रात्री कोड यादीशी ताडून तुम्हीच नोंद करायची. विकत घेणाऱ्याचा मोबाइल लिहून ठेवा. व्हाउचर वापरलं की 'तुम्ही दिलेली भेट वापरली गेली' असा मेसेज जाऊ दे. खोटी नोंद त्याच दिवशी उघडी पडते.

बाणेरचा_बाळू: मला तर एका सलॉनने दोन दिवस उशीर झाला म्हणून व्हाउचर नाकारलं. पैसे आधीच घेतलेत, मग मुदत कसली? लुबाडणूक आहे ही.

हिशेबनीस: मुदत हवी, नाहीतर जुनी देणी वर्षानुवर्षं वहीत राहतात. पण 'सहा महिने' असं मोघम नको, शेवटची तारीख शिक्क्याने ठळक उमटवा. दिवाळीच्या व्हाउचरला तीन महिने दिलेत, तर ऐन लग्नसराईत सगळ्या एकदम येतील. सहा महिने बरे. मुदतवाढ मात्र फक्त मालकाने सही करून द्यावी. काउंटरला ती मुभा दिली, की संपलेली व्हाउचर परत जिवंत होतात.

कर्वेनगरची_ताई: बिल काढलं. ७४ आधीच रीतसर जमा आहे. ४७ चं बिल दुसऱ्याच बाईंच्या हेअर कलरचं, स्टेपल केलेलं काही नाही. उद्या त्यांना फोन करून पैसे कसे दिले ते विचारते. अजून एक: १,४०० चं फेशियल केलं तर उरलेले ६०० कसे सांभाळता?

डेक्कनवाला: सोडून द्या, एकदाच वापर असं छापा.

हिशेबनीस: ते मला पटत नाही. मी जुनं जमा करून ६०० चं नवं देतो, तारीख जुनीच. पण त्याने कागद वाढतात, हेही खरं.