मदत हवी आहे: टिपच्या ओळीत १७, टोटलमध्ये फक्त ७ धरलेत. मशीनमध्ये कोणता आकडा भरायचा?

सुगरण_एडिसन

मंडळी, न्यू जर्सीत एडिसनला माझ्या दिरांचं छोटं रेस्टॉरंट आहे. गेल्या महिन्यापासून रात्रीचा हिशेब माझ्याकडे आलाय. इथली पद्धत अशी की आधी कार्डावर नुसत्या बिलाची रक्कम लागते, मग गिऱ्हाईक स्लिपवर हाताने टिप आणि टोटल लिहून सही करून जातं. त्या टिपा मी रात्री स्लिपा बघून एकेक भरते. पहाटे ३ वाजता दिवसभराच्या कार्ड व्यवहारांची बॅच आपोआप बंद होते.

काल एक स्लिप अशी आली: छापील रक्कम ८६.४०, हाताने लिहिलेली टिप १७.००, टोटल ९३.४०, खाली सही. खरी बेरीज १०३.४०. सहा आणि सात तेरा, तीन लिहिले आणि हातचा एक राहून गेला, हे उघड दिसतंय. पण दिसतंय म्हणून मी १०३.४० लावू का? दीर म्हणाले, सही ९३.४० वर आहे, तेवढेच घे. मी टिप ७.०० भरली. जेवण वाढणारा मुलगा फार नाराज झाला. त्याचं म्हणणं, १७ म्हणजे जवळजवळ वीस टक्के, लोक तेवढीच देतात, ७ कोण देतं? त्याचे दहा डॉलर मी बुडवले असं वाटून रात्रभर झोप लागली नाही. माझं चुकलं का?

पक्का_पुणेकर

ताई, तुम्ही १०३.४० लावायला हवे होते. रेस्टॉरंटांना मंजूर रकमेच्या वर वीस टक्क्यांपर्यंत टिप चढवायची मुभा असते. ८६.४० चे वीस टक्के १७.२८ होतात, म्हणजे १७ त्यात बसतात. बँक काही म्हणणार नाही. मुलाचे पैसे त्याला द्या.

जुना_मॅनेजर

मी शिकागोत चौदा वर्षं रेस्टॉरंटचा मॅनेजर होतो, रोज रात्री हेच केलंय. पुणेकरांनी वीस टक्क्यांचं सांगितलं ते खरं आहे, पण ते इथे लागू पडत नाही. ती मुभा बँकेच्या बाजूची आहे. आधी ८६.४० मंजूर झाले आणि नंतर थोडे जास्त आले तरी व्यवहार अडू नये, एवढ्यासाठीच ती आहे. गिऱ्हाईक किती द्यायला तयार होतं, हे त्यावरून ठरत नाही. बँक आज काही म्हणणार नाही हे बरोबर, पण पुढच्या महिन्यात गिऱ्हाईक स्टेटमेंट बघेल तेव्हा म्हणेल.

ताई, तुमची स्लिप पुन्हा हातात घ्या आणि सहीच्या आसपासचा बारीक मजकूर वाचा. बहुतेक स्लिपांवर ‘वरील एकूण रक्कम देण्यास मी तयार आहे’ अशा अर्थाची ओळ छापलेली असते. तिथे शब्द ‘एकूण’ आहे. म्हणून वाद झाला की सहीवरची टोटल धरली जाते. गिऱ्हाईकाने रक्कम चुकीची लावली अशी तक्रार केली तर बँक तुमच्याकडे स्लिप मागते. त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेले ९३.४० असताना तुम्ही १०३.४० का घेतले, याला तुमच्याकडे उत्तर नसतं. दहा डॉलर तर जातातच, वर कार्डाचे व्यवहार हाताळणारा प्रोसेसर तक्रारीची फी लावतो.

आणखी एक. बॅच बंद होण्याआधी टिप हवी तशी बदलता येते. बंद झाल्यावर नाही. जास्त घेतलं असेल तर त्याच कार्डावर फरक परत करता येतो, पण कमी घेतलं असेल तर गिऱ्हाईकाला विचारल्याशिवाय पुन्हा हात लावता येत नाही. म्हणून शंका असेल तिथे कमी रक्कम, आणि बॅच बंद होण्याआधी एक फोन. त्यांनी टेबल बुक केलं असेल तर नंबर तुमच्याकडेच असेल.

आणि स्लिपवर स्वतःचं पेन अजिबात चालवू नका. मी सुरुवातीला बेरीज दुरुस्त करून ठेवायचो, मालकाने हातातून स्लिप काढून घेतली होती. गिऱ्हाईकाच्या आकड्यांशेजारी दुसऱ्या शाईचा आकडा दिसला की ती स्लिप पुरावा म्हणून संपली. काय भरलं आणि का, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, तारीख आणि सही घालून मागे टाचा.

मोगरा

माझ्याकडचा प्रकार थोडा वेगळा आहे, पण सांगते. बाबा नाशिकहून आमच्याकडे आले होते. जेवणानंतर हौसेने त्यांनीच माझ्या कार्डाच्या स्लिपवर लिहिलं, आणि सवयीने मराठी आकड्यांत. टिप १०. आपला १ म्हणजे इंग्रजी नऊच की! दुसऱ्या दिवशी कार्डावर टिप ९० डॉलर. बिल पन्नासच्या आत होतं. मी फोन केला, त्यांनी स्लिप काढली आणि मॅनेजर म्हणाली, टोटलची ओळ वाचताच आली नाही म्हणून आम्ही टिपची ओळ धरली. मी समजावलं तेव्हा त्याच दिवशी ८० परत केले. आता बाबांना मी आधीच आकडा लिहून देते.

जुना_मॅनेजर

मोगरा, हे ऐकून बरं वाटलं की लगेच परत केले. दोन ओळींपैकी एक वाचता येत नाही तेव्हा दुसरीवरून वजाबाकी करून बघायची असते. पन्नासच्या आतल्या बिलावर नव्वद टिप दिसली की तिथेच थांबायला हवं होतं.

नवखा_डॅलस

म्हणजे मी टोटल लिहिलीच नाही तर? मी नेहमी टिप लिहितो आणि टोटल कोरी सोडतो. आणि समजा त्यांनी जास्त कापले तर बँकेत किती दिवसांत सांगायचं?

जुना_मॅनेजर

टोटल कोरी असेल तर टिपची ओळ धरतात, त्यात वाद नाही. उलटं असेल, म्हणजे टिप कोरी आणि ८६.४० च्या बिलावर टोटल १००, तर टिप १३.६०. तेही सरळ. पण कोरी जागा सोडू नका, तिथे कोणीही काहीही लिहू शकतं. तक्रारीचं म्हणाल तर आधी रेस्टॉरंटला फोन करा, बहुतेक वेळा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर चूक ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत कार्डाच्या बँकेला लेखी कळवा. हे क्रेडिट कार्डाचं झालं, डेबिटचे नियम वेगळे.

आठ_टेबलं

मी शिकत असताना दोन वर्षं टेबलं सांभाळलीत, म्हणून त्या मुलाच्या बाजूने बोलतो. टिपचा आकडा माणूस मनाने ठरवतो, टोटल ही नुसती बेरीज असते. चुकते ती बेरीज. १७ लिहिणाऱ्याने १७ द्यायचं ठरवलं होतं. मग नुकसान त्याचं का, ज्याने ताटं उचलली?

जुना_मॅनेजर

असंही होतं की माणूस आधी टोटल ठरवतो आणि टिप मागाहून भरतो. तुमच्या गिऱ्हाईकाने कोणती ओळ आधी लिहिली, हे कागद सांगत नाही. ताईंच्या स्लिपवर हातचा विसरल्याची खूण इतकी स्पष्ट आहे की मलाही १७ च वाटतात. तरी मी ७ च भरले असते.

सुगरण_एडिसन

आत्ता स्लिप काढून पाहिली. बारीक अक्षरात ती ओळ आहे, ‘एकूण’ शब्दासकट. बुकिंगमध्ये नंबर मिळाला, फोन लावला, उचलला नाही, निरोप ठेवलाय. बॅच मात्र ७ वरच बंद झाली. दिरांनी मुलाला दहा डॉलर गल्ल्यातून दिले. तो खूश आहे, पण दीर विचारतात की दर वेळी असंच द्यायचं का, आणि दिले तर त्याची नोंद टिप म्हणून करायची की पगार म्हणून? कोणाला माहीत असेल तर सांगा. आजच्या गठ्ठ्यात अजून एक आहे: बिल ४२.१५, टिप ८.००, टोटल ४०.१५. इथे तर टोटल बिलापेक्षाच कमी आहे.