निकाली की बोळवण? आईच्या चॅटवरून घरात वाद

पार्लेकरीण: आईने मिक्सर परत केला होता, त्याच्या पैशांबद्दल कंपनीच्या ग्राहक सेवेशी तिचं हे चॅट झालं. मूळ इंग्रजीत होतं, मी मराठीत लिहितेय.

11:02 आई: मिक्सर 3 तारखेला परत नेला. 4,299 रुपये अजून कार्डावर आले नाहीत. कुठे अडकलेत?
11:06 एजंट: तुमची गैरसोय मी समजू शकतो. परतावा सुरू केला आहे.
11:07 आई: कधी सुरू केला? बँकेत काहीच दिसत नाही.
11:13 एजंट: आमच्या धोरणानुसार परताव्याला 5 ते 7 कामाचे दिवस लागतात.
11:14 आई: आज 14 तारीख आहे. 7 दिवस होऊन गेले.
11:21 एजंट: संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. 48 तासांत कळवलं जाईल. आणखी काही मदत हवी आहे का?
11:22 आई: ठीक आहे.
11:25 चॅट बंद. तक्रार निकाली.

भाऊ म्हणतो निकाली निघाली. मला वाटतं आईची बोळवण केली. नुसतं चॅट वाचून हे ठरवता येतं का?

सरळरेघ: तुमचा भाऊ बरोबर आहे. एजंटने उत्तर दिलं, पुढच्या विभागाकडे पाठवलं, मुदत सांगितली, आणि आईंनी ठीक आहे म्हटलं. पैसे सोडणं त्या पोराच्या हातात नसतंच. 48 तास तर कायद्यातच आहेत, कंपनीला पाळावेच लागतील. उगाच चॅटवाल्याला धारेवर धरू नका.

रात्रपाळी: मालाडला सहा वर्षं चॅट तपासायचं काम करतेय, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

तपासताना पहिलं काम म्हणजे ग्राहकाचे प्रश्न बाजूला लिहून काढणं. इथे दोन आहेत: पैसे कुठे अडकले, आणि परतावा कधी सुरू केला. आता 11:13 ची ओळ बघा. प्रश्न होता 'कधी', उत्तर आलं 'किती दिवस लागतात'. त्या एका ओळीत प्रश्न बदलला गेला, आणि तो इतका सारखा दिसतो की घाईत वाचणाऱ्याला कळतही नाही. 7 दिवस मोजायचे कुठून? मिक्सर उचलला तिथून, गोदामात तपासला तिथून, की परताव्याची नोंद झाली तिथून? 3 तारीख सोमवार होती, म्हणजे उचलल्यापासून धरले तर 7 कामाचे दिवस 12 तारखेला संपले. गोदामातल्या तपासणीपासून धरले तर कदाचित सुरूही झाले नसतील. ती एक तारीख सांगितली की अख्खा वाद मिटतो, आणि नेमकी तीच सांगितलेली नाही.

दुसरं, एजंटची प्रत्येक ओळ उचलून दुसऱ्या कुणाच्या चॅटमध्ये टाकून बघा. काकूंची ऑर्डर, रक्कम, तारीख, यातलं काहीही एकाही ओळीत नाही. कुणाच्या ब्लेंडरला, कुणाच्या चपलेला ती तशीच लागू पडतील. तयार वाक्यं असतात, एका बटणावर येतात. 11:14 ते 11:21 ही सात मिनिटं एजंट ऑर्डर उघडून बघत होता असं म्हणायला जागा नाही. बघितली असती तर तिथलं काहीतरी उत्तरात उतरलं असतं. एका वेळी दोन-तीन चॅट उघडी असतात, त्यातलीच ही वेळ असणार.

आणि 'ठीक आहे' हे कशाचं उत्तर आहे? त्याच्या आधीचा प्रश्न 'आणखी काही मदत हवी आहे का' हा आहे. काकूंनी त्याला नको म्हटलं. पैशांचं समाधान झालं असं त्या कुठेच म्हणालेल्या नाहीत.

सरळरेघ, एजंटच्या हातात पैसे नसतात हे अगदी खरं. म्हणूनच तो शिक्का 'निकाली' न मारता 'प्रलंबित' मारायला हवा होता. आणि 48 तासांचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत 48 तास आहेत ते तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच द्यायला. निवारणाला तक्रार आल्यापासून एक महिना आहे. मार्केटप्लेस असेल तर प्रत्येक तक्रारीला क्रमांकही द्यावा लागतो. या चॅटमध्ये क्रमांक कुठे आहे? त्यात 14 ला शुक्रवार, 48 तास म्हणजे 16 चा रविवार. त्या दिवशी कोण कळवणार होतं?

बोरिवलीचे काका: ताई, माझंही असंच झालं. एटीएममधून 2,000 निघाले नाहीत, खात्यातून मात्र गेले. बँकेच्या चॅटवर तीनदा 'निकाली' लिहून आलं. शेवटी लेखी अर्ज दिला, पैसे आले आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपयेही मिळाले. रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. तुमच्या आईलाही रोजचे 100 मागता येतील, सोडू नका.

रात्रपाळी: काका, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तो नियम फसलेल्या व्यवहारांचा आहे. एटीएमचे पैसे पाच दिवसांत परत आले नाहीत तर त्यापुढे रोज 100. काकूंचा व्यवहार फसला नव्हता, वस्तू आली आणि मग परत गेली. तो परतावा दुकानदाराकडून यायचा आहे, त्याला तो नियम लागत नाही. पण तीनदा 'निकाली' हे महत्त्वाचं बोललात. आम्ही तेच पाहतो, त्याच ऑर्डरसाठी माणूस आठवड्याभरात पुन्हा आला का. आला असेल तर आधीचा शिक्का खोटा धरतो.

गिरगावकर: मला हा सगळा शब्दांचा कीस वाटतो. चॅट कितीही गोड असो वा कोरडं, पैसे आले का तेवढं बघा. मी अशी उलट चॅटही पाहिली आहेत. एजंट धड बोलत नाही, सॉरीसुद्धा नाही, पण जाता जाता एआरएन क्रमांक टाकतो आणि काम फत्ते. कार्डाच्या परताव्याला हा 23 अंकी क्रमांक असतो. तो घेऊन बँकेत गेलं की पैसे कुठवर आलेत ते शोधता येतं. कंपनीला तो देता येत नसेल तर पैसे बहुधा तिच्याकडून निघालेलेच नाहीत.

रात्रपाळी: एआरएनबद्दल शंभर टक्के मान्य. पण पैसे आले का हे काकूंना दिसतं, मला दिसत नाही. माझ्यासमोर दिवसाला चाळीस चॅट येतात, खाती येत नाहीत. आणि पैसे महिन्याने आले तरी 14 तारखेचं चॅट नीट हाताळलं होतं असं होत नाही ना?

गिरगावकर: आणि नीट हाताळलं म्हणून पैसे येतात असंही नाही. माझ्यासाठी निकाल खात्यातच लागतो.

पार्लेकरीण: आईला विचारलं, ठीक आहे का म्हणालीस. म्हणाली, कुकरची तिसरी शिट्टी झाली होती, आणि तो माणूस तेच तेच बोलत होता.

आज मी तिच्या फोनवरून पुन्हा चॅट केलं. धोरण नको, ऑर्डरची नोंद बघून सांगा म्हटलं: परतावा कोणत्या तारखेला सुरू केला, एआरएन काय, तक्रार क्रमांक काय. या वेळी मुलगी होती. अकरा मिनिटं गेली, मग तिने लिहिलं की मिक्सर 6 तारखेला गोदामात पोहोचला, तपासणी अजून बाकी आहे, त्यामुळे परतावा सुरूच झालेला नाही आणि एआरएन असण्याचा प्रश्न नाही. तक्रार क्रमांक मात्र लगेच दिला. 14 तारखेच्या चॅटची काही नोंद नाही म्हणाली.

सरळरेघ: म्हणजे 'सुरू केला आहे' हे चुकीचं होतं, मान्य. पण त्याला स्क्रीनवर तसंच दिसत असेल तर? परत घेण्याची विनंती मंजूर झाली की काही ठिकाणी तेच शब्द येतात. तो खोटं बोलला असं मी अजूनही म्हणणार नाही.

रात्रपाळी: तसं असू शकतं, आणि ते चॅटवरून कळणार नाही. पण 'विभागाकडे पाठवलं' याची नोंदच नाही. ते तर त्याने स्वतः करायचं होतं.

पार्लेकरीण, आजच्या चॅटची प्रत ईमेलवर मागवून घ्या, 6 तारखेची ती ओळ पुराव्याला लागेल. आता थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, दोन्ही चॅट जोडा. 48 तासांत पोच नाही आली तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

पार्लेकरीण: लिहिलं आत्ताच. पोच आली की सांगते. भाऊ म्हणतोय 'निकाली' शब्द मागे घेतो, 'बोळवण' मात्र अजून मान्य नाही.