मदत हवी आहे: लेव्हल म्हणते भिंत सरळ, ओळंबा म्हणतो झुकली. कोणाचं ऐकू?

कोवळा_गवंडी

नमस्कार मंडळी. आजवर बिगारी होतो, माल कालवायचा आणि विटा वर द्यायच्या. आज अण्णांनी (आमचे मिस्त्री) पहिल्यांदा हातात थापी दिली आणि म्हणाले, "हा कोपरा तू चढव." गावाकडचं बंगल्याचं काम आहे, ९ इंची भिंत, विटा भट्टीवरच्या हाताच्या. एक वीट जाड तर दुसरी बारीक, काहींचे कोपरे उडालेले.

अण्णांनी सकाळी ओळंबा कसा धरायचा ते दाखवलं. चकती भिंतीच्या वरच्या विटेला चिकटवायची, दोरी सोडायची, वजन थांबलं की खाली बघायचं. पण मला ते हलत्या वजनाचं काम जमेना. वारा होता आणि वजन थांबायलाच तयार नव्हतं. साइटवर एक फूटभर लांबीची लेव्हल पडली होती. ती भिंतीला उभी लावली की बुडबुडा लगेच मध्ये दिसायचा, म्हणून दिवसभर तीच वापरली. प्रत्येक दोन-तीन थरांनी लावून बघत होतो, बुडबुडा बरोबर दोन रेघांच्या मध्ये.

संध्याकाळी ११ थर झाले, साधारण मीटरभर. अण्णांनी येऊन ओळंबा सोडला. वर चकती विटेला चिकटलेली, खाली वजन आणि भिंत यांच्यात बोट जाईल एवढी फट. पट्टीने मोजली तर ९ मिमी. अण्णा म्हणाले, "वरून बाहेर आलीय." मी लेव्हल लावून दाखवली तर बुडबुडा मध्येच. अण्णा हसले आणि म्हणाले, "ती लेव्हल कशाची आहे ते आधी बघ." आणि गेले. उद्या ते दुसऱ्या साइटवर आहेत, परवा येतील.

माझे प्रश्न दोन. ओळंबा खोटा असू शकतो का, की लेव्हलच खोटी आहे, आणि मी ते घरच्या घरी कसं तपासू? आणि या ११ थरांचं काय करायचं?

सिमेंटपुत्र

भावा, एवढा विचार कशाला? ९ मिमी म्हणजे काहीच नाही, गिलाव्यात जातं. आतून १२ मिमी आणि बाहेरून २० मिमीचा थर बसतोच. आणि ओळंबा आता कोण वापरतं? चांगली ४ फुटी लेव्हल घे, विषय संपला. फूटभराची लेव्हल टाइल बसवायला ठीक आहे, भिंतीला नाही, हे मात्र नक्की.

उंबरठा_नऊ_इंची

३० वर्षं गवंडीकाम केलं, आता गुडघे बोलतात म्हणून देखरेखच करतो. सिमेंटपुत्र, लेव्हलच्या लांबीचं तुम्ही अगदी बरोबर बोललात. गिलाव्याचं अर्धंच बरोबर आहे, ते खाली सांगतो.

बाळा, ओळंबा खोटा होणं जवळजवळ अशक्य. वजन खाली लोंबणार म्हणजे लोंबणारच. माणूस चुकतो तो तीन ठिकाणी. चकती विटेला नीट टेकवलेली नसते, किंवा बरोबर त्याच जागी मालाचा वाळलेला गोळा असतो. दुसरं, चकतीची रुंदी आणि वजनाची जाडी सारखी नसते. कोणीतरी हरवलेल्या चकतीऐवजी दुसरी लावलेली असते आणि मग पूर्ण दिवस फट चुकीची दिसते. आणि तिसरं, वजन हलत असताना वाचतात. वाऱ्यासाठी सोपी युक्ती आहे: दोरी भिंतीपासून जरा लांब सोड, खाली पाण्याची बादली ठेव, वजन पाण्यात बुडव आणि दोरी ते भिंत अंतर वर-खाली मोज. हेलकावे लगेच शांत होतात. फक्त वजन बादलीच्या तळाला किंवा कडेला टेकता कामा नये.

फट कशी वाचायची तेही डोक्यात बसव. वर चकती टेकलेली असताना खाली फट दिसली, तर भिंतीचा वरचा भाग तुझ्याकडे झुकलाय. वजन खाली भिंतीवरच रेलून बसलं, तर वरचा भाग आत गेलाय किंवा खालची वीट बाहेर आहे. पण या दुसऱ्या वेळी किती गेलाय ते कळत नाही, कारण वजन अडकलेलं असतं. वजन भिंतीला लागल्यासारखं, पण न लागलेलं, कागद जाईल एवढ्या अंतरावर स्थिर राहायला हवं.

आता तुझ्या केसमध्ये एक काम कर. ओळंबा त्याच जागी सोड आणि फट फक्त तळाशी नको, मधल्या थरांपाशीही मोज, म्हणजे भिंत आणि दोरी यांतलं अंतर. त्यातून चकतीच्या अर्ध्या रुंदीएवढं अंतर वजा कर. फट वरून खाली हळूहळू वाढत असेल तर भिंत सरळ तिरकी गेलीय, म्हणजे तुझं मोजायचं साधन खोटं. आणि कुठेतरी एकदम उडी मारत असेल तर त्या थराच्या विटेत घोळ आहे, लेव्हलचा संबंध नाही. मोजून सांग.

कोवळा_गवंडी

काका, मोजलं. सकाळी वारा नव्हता. वरून तिसऱ्या थरापाशी २ मिमी, सहाव्यापाशी ५, तळाशी ९. उडी कुठेच नाही.

उंबरठा_नऊ_इंची

झालं. लेव्हलच खोटी आहे. आता तपासायचं कसं ते ऐक.

आडवा बुडबुडा तपासायचा तर लेव्हल सपाट टेबलावर किंवा जोत्यावर ठेव, बुडबुडा कुठे आहे ते बघ. मग तीच लेव्हल त्याच जागी उलट फिरव, म्हणजे उजवं टोक डावीकडे. दोन्ही वेळा बुडबुडा खोलीच्या एकाच बाजूला, समज खिडकीकडे, गेला तर लेव्हल खरी आणि टेबल तिरकं. बुडबुडा लेव्हलच्या एकाच टोकाकडे पळत असेल, तर लेव्हल खोटी.

उभ्या बुडबुड्याला दुसरा उपाय. भिंतीवर वर एक खिळा ठोक, त्यावर ओळंबा सोड. दोरी शांत झाली की खाली दुसरा खिळा असा ठोक की दोरी दोन्ही खिळ्यांच्या एकाच बाजूला अगदी स्पर्श करून जाईल. दोन्ही खिळे एकाच जाडीचे घे. त्यांच्यातलं अंतर लेव्हलच्या लांबीपेक्षा जरा कमी ठेव. मग ओळंबा काढ आणि त्या दोन खिळ्यांना लेव्हलची कड टेकव, ज्या बाजूला दोरी होती त्याच बाजूने. बुडबुडा मध्ये आला पाहिजे. नाही आला तर ती लेव्हल भिंतीला उभी लावू नको.

तुझी लेव्हल ३०० मिमीची. मीटरला ९ मिमी म्हणजे लेव्हलभर अंतरात अडीच-तीन मिमी. एवढी चूक बुडबुड्यात स्पष्ट दिसेल, डोळे तपासायची गरज नाही.

जांभा_आणि_पाऊस

रत्नागिरीकडून. आमच्याकडे जांभ्याच्या चिऱ्याची भिंत आहे आणि तिचं तोंडच खडबडीत आहे. माणसं म्हणतात भिंत झुकली, मला मात्र सरळ वाटते. ओळंबा लावला तर एका चिऱ्यावर फट, दुसऱ्यावर वजन टेकलेलं. लेव्हल तर नुसतीच डुलते. मग आमच्यासारख्यांनी काय करायचं? बाथरूमच्या उताराला लागणारी लेव्हल आणि ही एकच का?

उंबरठा_नऊ_इंची

ताई, उताराचं वेगळं आहे, इथे भिंतीबद्दल चाललंय. चिऱ्याला चकती टेकवून ओळंबा सोडू नका. वरून एखादी फळी बाहेर काढून दोरी भिंतीपासून चांगली १०-१५ सेमी लांब सोडा आणि प्रत्येक थरापाशी दोरी ते चिऱ्याचं अंतर मोजा. एखाद्या चिऱ्याचा फुगवटा सोडून द्या. सगळी मापं एका दिशेने वाढत गेली, तरच भिंत झुकली म्हणा. नाहीतर तो चिऱ्याचा स्वभाव.

सिमेंटपुत्र

काका, पण मुलाच्या ११ थरांचं काय? गिलाव्याचं मी चूक बोललो का?

उंबरठा_नऊ_इंची

अर्धं. मीटरभराला ९ मिमी एकट्याने फार नाही. पण त्याच लेव्हलने पुढे गेला असता तर ३ मीटरवर २७ मिमी झाले असते, आणि ते कोणता गिलावा झाकणार? विटकामाच्या आयएस २२१२ या भारतीय मानकात एका मजल्यात ३ मीटरला ६ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. शिवाय हा कोपरा आहे. त्याच्यावर दोन भिंतींची लाइनदोरी बांधायची आहे. कोपरा चुकला की दोन्ही भिंती चुकतात. बाळा, कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना ओळंबा लावलास का? एक बाजू सरळ आणि दुसरी झुकलेली, असं खूपदा होतं.

कोवळा_गवंडी

दुसऱ्या बाजूला लावला, तिथे २ मिमी, चालेल असं वाटतं. खिळ्यांचं पण करून बघितलं. उभा बुडबुडा रेघेच्या पार बाहेर, आणि आडवा उलटसुलट फिरवला तरी बरोबर. म्हणून थर सपाट बसले होते आणि मला काही वाटलंच नाही.

एक विचारतो. कोणी सांगितलं की थापीच्या मुठीने वरच्या विटा आत ठोकायच्या, भिंत मागे जाईल. करू का?

उंबरठा_नऊ_इंची

मुळीच नको. कालचा माल आता धरलाय. वीट हलवलीस तर ती माल सोडून देईल, आणि वरून दिसणारही नाही. ठोकायचं ते वीट बसवल्याबरोबर, माल ओला असताना. आता दोनच रस्ते. एक, वरचे थर उतरव. तळाचे दोन थर दीड-दोन मिमीमध्ये आहेत, ते ठेव आणि तिसऱ्यापासून परत चढव. सिमेंट एका रात्रीचं आहे, विटा निघतील, साफ करून परत लाव. दुसरा रस्ता, हा मीटर तसाच ठेव आणि पुढचे थर ओळंब्यात घे. मग मध्ये मोड येईल आणि गिलाव्यात तेवढीच जाडी जाईल. मी पहिला करीन. पण काम तुमच्या अण्णांचं आहे, भिंतीवर काय बसणार ते त्यांनी पाहिलंय, आधी त्यांना विचार.

रोज_एक_थर

मी दुसराच करीन. तोडून परत बांधलं की मालाला नवी-जुनी सांधण होते. ९ मिमीसाठी? आणि मालक बघत असेल तर वेगळंच.

उंबरठा_नऊ_इंची

चांगली ओली केलेली वीट आणि साफ केलेला थर असेल तर सांधणीचा प्रश्न येत नाही. पण मालकाचं म्हणाल तर तुमच्याशी वाद नाही.

कोवळ्या, पुढे असं कर: दर तीन-चार थरांनी दोन्ही बाजूंना ओळंबा सोड, मग दोन्ही कोपऱ्यांत दोरी ओढ, आणि मधली वीट दोरीला बघून बसव, पण दोरीला टेकवू नको. टेकवलीस तर दोरी बाहेर ढकलली जाते आणि पूर्ण भिंतीला पोट येतं. लेव्हल थर सपाट आहेत का ते बघायला ठेव, तीही मीटर-दीड मीटरच्या सरळ पट्टीवर ठेवून. एका विटेवर ठेवलीस तर ती फक्त त्या विटेचं सांगेल. आणि एका दिवसात मीटर-दीड मीटरच्या वर जाऊ नकोस, खालच्या ओल्या मालावर वजन पडतं.

कोवळा_गवंडी

अण्णांना फोन केला. म्हणाले, "सकाळी ८ वाजता येतो, तोवर वरचे थर उतरव, विटा घासून ठेव." किती थर उतरवायचे ते विचारलं तर म्हणाले, "तू ओळंबा लाव आणि मला सांग." चकतीची रुंदी आणि वजनाची जाडी मात्र आधी मोजून घेतली, दोन्ही ४० मिमी आहेत.

जांभा_आणि_पाऊस

माझ्या चिऱ्याच्या भिंतीची मापं घेतली. वर १२ सेमी, मध्ये १३, खाली १२. आता ही झुकली का नाही?