मदत हवी आहे: गाडीत कोणी कुठे बसावं?

पुढच्या आठवड्यात 9 तासांचा प्रवास आहे. गाडी पाच जणांची. मी आणि अहो आलटून-पालटून चालवणार. सोबत सासूबाई, 7 वर्षांची लेक आणि 14 महिन्यांचा मुलगा.

मुलाची सीट मागे तोंड करून लावतो. समोर एअरबॅग असल्यामुळे ती पुढे लावायचीच नाही. ड्रायव्हरच्या मागे लावली तर अहोंना आपली सीट इतकी पुढे घ्यावी लागते की गुडघे स्टिअरिंगला लागतात. म्हणून ती मागे डावीकडे ठरली.

खरी काळजी लेकीची. तिला गाडी लागते. मध्ये बसवलं, समोरचा रस्ता दिसला की बरं वाटतं. पण आमच्या गाडीत मध्ये फक्त कमरेचा पट्टा आहे आणि तिच्या बूस्टरला खांद्यावरून येणारा पट्टा हवाच. तिथे तिला बसवायला मन धजत नाही. खिडकीशी बसली तर समोर ड्रायव्हरच्या सीटची पाठ, बाजूला पळती झाडं. अर्ध्या तासात चेहरा पांढरा पडतो.

सासूबाईंनाही मळमळतं, त्यामुळे त्या पुढे. मग जो गाडी चालवत नसेल तो दोन सीटच्या मधे, कमरेच्या पट्ट्यावर. हे मला पटत नाहीये. सासूबाईंना मागे बसवणं बरं की दुसरी काही मांडणी सुचते? आणि खिडकीशी बसणाऱ्या मुलांची मळमळ तुम्ही कशी आटोक्यात ठेवली?