उत्तर: आभाराच्या भाषणात नावं कशी बसवायची

"आमच्या फिल्मला बक्षीस मिळतंय, आभार मानायला दीड मिनिटच मिळणार. मित्र, घरचे, गावातले, एवढी नावं कशी घेऊ? कुणी सुटलं तर?"

वर कुणीतरी 'सर्वांचे आभार' म्हणून मोकळं व्हा असं सुचवलंय, ते पटलं नाही. मंचावर सावकाश बोललं तर दीड मिनिटात जेमतेम दीडशे शब्द होतात. त्यात सहा-सात नावं नीट बसतात, पण प्रत्येकासोबत त्याचं एकच काम सांगायचं. समजा, फिल्म कपाशीच्या वावरात केली. मग 'काकांनी ओलिताची मोटर दोन तास बंद ठेवली, म्हणून संवाद ऐकू आले' आणि 'मायनं नऊ जणांचा डबा वावरात पोचवला' एवढं पुरे. बाकीचे गटानं घ्या: 'कॅमेऱ्यामागचे चौघं'.

आठवणीवर विसंबलं की समोर बसलेलेच सुचतात. न आलेला आवाजवाला अन् वावराचा मालक हमखास सुटतात. म्हणून शूटिंगच्या दिवसांप्रमाणे यादी काढून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात फक्त नावं लिहा. घरच्यांचं नाव शेवटी ठेवा. गळा तिथंच दाटतो, आधी दाटला तर मित्र राहून जातात. अन् ट्रॉफी टेबलावर ठेवा, नाहीतर माईक अन् चिठ्ठी एकाच हातात येते.