मदत हवी आहे: चिठ्ठी नसलेली त्वचेची स्लाइड, जाड त्वचा की पातळ?

तापीकाठ
मी धुळ्यात पहिल्या वर्षाला आहे, लवकरच हिस्टॉलॉजीचं स्पॉटिंग आहे. सरावाच्या पेटीतल्या एका स्लाइडची चिठ्ठी निघून गेलीय आणि तिच्यावरून बॅचमध्ये दोन तट पडलेत. लो पॉवरला तुकडा चांगला जाडजूड दिसतो, म्हणून निम्मे म्हणतात जाड त्वचा. पण वरचं केराटिन सुटं सुटं आहे, टोपलीच्या विणीसारखं. स्ट्रॅटम ल्युसिडम सापडत नाही आणि केसही कुठे दिसत नाही. मग ठरवायचं कशावरून?

सातपुडा_७२
सोपं आहे. पाच थर असले तर जाड, चार असले तर पातळ. ल्युसिडम नाही म्हणजे पातळ. फक्त तुकडा पाठीचा असेल तर जाड लिहा, कारण अंगावरची सगळ्यात जाड कातडी पाठीचीच.

जुनी_लॅब
भाऊ, थरांचं ठीक आहे, पाठीचं मात्र उलटं झालं. पाठीची कातडी एकूण जाड असते ती डर्मिसमुळे. हिस्टॉलॉजीत जाड-पातळ ठरतं ते फक्त एपिडर्मिसवरून, आणि पाठीचं एपिडर्मिस पातळच. तळहात-तळपायाचं एपिडर्मिस साधारण अर्ध्या ते दीड मिलीमीटरपर्यंत भरतं. बाकी अंगावर बहुतेक ठिकाणी ते एक दशांश मिलीमीटरच्या आसपास असतं. हा सगळा फरक मुख्यतः वरच्या मेलेल्या थराचा, म्हणजे कॉर्नियमचा.

तापीकाठ, खालून वर बघत जा. तळाशी बेसल पेशींची एक ओळ. त्याच विभागतात आणि वर सरकतात. त्यांच्यावर स्पायनोसम, तिथल्या पेशींना काटे आल्यासारखे दिसतात. स्लाइड बनवताना पेशी आकसतात, पण डेस्मोसोमच्या जागी एकमेकींना धरून राहतात, म्हणून. मग ग्रॅन्युलोसमचे गडद निळे दाणे. इथे थांबून बघ: तळपायाच्या स्लाइडवर हा पट्टा ठळक, तीन ते पाच पेशींचा असतो. पातळ त्वचेत एखाद-दोन ओळी, त्याही मधेच तुटलेल्या. मग कॉर्नियमची जाडी खालच्या सगळ्या जिवंत थरांशी ताडून बघ. जाड त्वचेत कॉर्नियम एकटंच त्या सगळ्यांपेक्षा जाड आणि घट्ट असतं.

ल्युसिडमवर भिस्त ठेवू नकोस. तळपायाच्या चांगल्या स्लाइडवरसुद्धा ते कधी कधी धड दिसत नाही. केसाचंही तसंच: केस किंवा तेलग्रंथी दिसली तर पातळ हे नक्की, पण छोट्या तुकड्यात केस नाही आला म्हणून जाड ठरत नाही.

केळीवाला_रावेर
डॉक्टरसाहेब, आमच्या टाचांना भेगा पडतात, बागेत पाणी भरताना तर रक्त येतं. रोज खोबरेल लावतो. हे ल्युसिडम कमी झाल्यामुळे का?

जुनी_लॅब
नाही दादा, त्याचा संबंध नाही. तळपायाला तेलग्रंथीच नसतात, फक्त घामाच्या ग्रंथी, त्याही भरपूर. टाचेचं कॉर्नियम दाबाने आणखी वाढतं, कोरडं पडलं की ताणत नाही आणि अंगाचा भार आला की चिरतं. आधी पाय कोमट पाण्यात भिजवा, मग ओलसर असतानाच खोबरेल लावा म्हणजे ओल टिकेल. रक्त येतंय आणि मधुमेह असेल तर मात्र पाय डॉक्टरांना दाखवा.

सातपुडा_७२
मग कोपर सारखं घासून कातडी जाड झाली असेल तर? तिथे कॉर्नियम घट्ट होतंच की.

जुनी_लॅब
होतं, आणि ग्रॅन्युलोसमही वाढतो. सतत खाजवलेल्या जागेची बायोप्सी हुबेहूब तळहातासारखी दिसू शकते. फसवणूक पकडून देतो तो केस: तळहातासारख्या एपिडर्मिसमधून केसाचं मूळ खाली गेलेलं दिसलं, तर ती पातळच त्वचा, घासून बदललेली.

तापीकाठ
सर, परत बघितली. ग्रॅन्युलोसम एकच ओळ, तीही तुटक. कॉर्नियम जिवंत थरांपेक्षा पातळ. एका कडेला डर्मिसमध्ये तेलग्रंथीचा फिकट, फेसाळ पुंजका सापडला, केस कापात आलेला नसावा. पण बेसल ओळीत मधे मधे पांढऱ्या कडेच्या पेशी आहेत. त्या मेलॅनोसाइट म्हणू का? तशीच एक स्पायनोसममध्येही आहे.

जुनी_लॅब
मग पातळ त्वचा लिही. बेसल ओळीतल्या बहुधा मेलॅनोसाइट असाव्यात, वरची लँगरहान्स असू शकते. पण साध्या एच अँड ई रंगात आकसलेली केराटिनोसाइटही तशीच दिसते, विशेष रंगाशिवाय खात्री देता येत नाही. मर्केल पेशी तर या रंगात शोधूच नकोस.

सातपुडा_७२
म्हणजे तुकडा पाठीचाच ना?

जुनी_लॅब
डर्मिस जाड आहे, तेव्हा असू शकतो. एवढ्यावरून जागा सांगणार नाही.